परक्या खोलीतली झोप आणि घरची गोधडी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पहाटे साडेपाचला मी चहाचं आधण ठेवत होते आणि फोन वाजला. लेकीचा होता. ती ऑक्टोबरात पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेली होती. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे हिवाळ्यात तिकडे रात्रीचा एक. "आई, आजही झोप नाही आली," ती म्हणाली. "आज एकोणिसावी रात्र. दोन-तीन तास लागते, मग टक्क उघडे डोळे. कॉलेजात जाऊन डुलक्या घेते. मी परत येऊ का?"

तीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढलेल्या डॉक्टरला झोप न येणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे पाठ असतं. त्या पहाटे मात्र एकही वाक्य आठवलं नाही. आठवली ती आमच्या वॉर्डातली एक म्हातारी.

वॉर्डातली वाकळ

काही वर्षांपूर्वी न्यूमोनियासाठी सत्तरीच्या एक आजी आमच्याकडे दाखल होत्या. दिवसा बऱ्या असायच्या, पण रात्र झाली की बिथरायच्या. सलाइन उपसायच्या, "मला घरी न्या" म्हणून ओरडायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने गावाहून त्यांची वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, ठिगळांची, धुरकट वासाची. राउंडला मी ती पाहिली आणि सिस्टरांना म्हणाले, "हे आधी काढा, वॉर्डात घाण नको." सिस्टर अनुभवी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, काल रात्री आजी पहिल्यांदा झोपल्या." वाकळ राहिली. ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक यांचं काम चालू होतंच, त्यामुळे सगळं श्रेय मी वाकळीला देणार नाही. पण त्यानंतर वॉर्डात येणाऱ्या घरच्या चादरी, तांब्या, जपमाळ यांच्यावर मी कधी हरकत घेतली नाही.

वृद्ध रुग्णांना रुग्णालयात होणाऱ्या अशा भ्रमावस्थेला वैद्यकात 'डिलिरियम' म्हणतात. ती टाळण्यासाठी चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवावं, समोर घड्याळ असावं, घरची माणसं भेटावीत आणि घरच्या ओळखीच्या वस्तू हाताशी असाव्यात, असा सल्ला आज जगभर दिला जातो. लेक तेवीस वर्षांची, धडधाकट. तिला डिलिरियम नव्हता. पण अनोळखी खोलीत मेंदू काय करतो, हा प्रश्न दोघींच्या बाबतीत एकच होता.

अर्धा मेंदू पहाऱ्यावर

नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं. झोपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे पहिल्या रात्रीची नोंद त्या बहुधा बाजूला टाकून देत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच टाकाऊ रात्र तपासली आणि २०१६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या दोन्ही बाजू सारख्या झोपत नव्हत्या. डाव्या गोलार्धाच्या काही भागांतली झोप उथळ होती, आणि बारीकसा वेगळा आवाज आला तर तो भाग जास्त तत्परतेने प्रतिसाद देत होता. काही दिवसांनी तीच माणसं त्याच खोलीत झोपली तेव्हा हा फरक नाहीसा झाला.

म्हणजे परक्या जागी मेंदू स्वतःचाच एक पहारेकरी बसवतो. जागा निर्धोक आहे अशी खात्री पटली की पहारा उठतो. बहुतेकांचा तो दोन-चार रात्रींत उठतो.

मग माझ्या लेकीचा एकोणीस रात्री का उठला नाही? इथे दुसरी यंत्रणा सुरू होते. पहिल्या काही रात्री माणूस अंथरुणात जागा राहतो, कूस बदलतो, घड्याळ बघतो, उद्याच्या तासाची काळजी करतो. हळूहळू मेंदू शिकतो की ही गादी म्हणजे जागं राहण्याची आणि काळजी करण्याची जागा. मूळ कारण संपलं तरी सवय उरते. खुर्चीत डुलकी येते, पण गादीवर पाठ टेकली की झोप उडते, ही त्याची खूण. लेकीला मी तेवढंच विचारलं. ती म्हणाली, "अगदी तसंच होतं."

तिने नेलेलं आणि राहून गेलेलं

त्या दिवशी संध्याकाळी तिने फोनचा कॅमेरा खोलीभर फिरवला. जर्मनीत भाड्याचं घर बहुतेक वेळा रिकामं मिळतं. अनेकदा छताला दिव्याऐवजी नुसत्या वायरी लोंबत असतात आणि स्वयंपाकघरातला ओटासुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. त्या मानाने तिचं नशीब बरं. एक खोली, कोपऱ्यात काचेची शेगडी, एक पलंग, एक टेबल. पांढऱ्या भिंती.

तिने घर 'सजवलं' होतं. पलंगासमोरच्या भिंतीवर आमचे सगळ्यांचे मिळून वीसेक फोटो. त्याखाली छोटा पितळी गणपती. एक वारली चित्र. आणि घरच्या ट्यूबलाइटची सवय म्हणून टेबलावर लख्ख पांढरा एलईडी दिवा. तेवीस किलोंच्या मर्यादेत हे सगळं बसवताना शेवटच्या रात्री एक वस्तू बॅगेतून काढली गेली होती. माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी. "ती काय, तिकडे ब्लँकेट मिळतं," असं मीच म्हणाले होते.

कॅमेरा फिरत होता तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. तिने घरून आणलेलं जवळपास सगळं बघायचं होतं. अंगाला लागणारं, नाकाला जाणवणारं, कानावर पडणारं असं काहीच नव्हतं. आणि माणूस झोपतो तेव्हा डोळे मिटलेले असतात.

फोटोंचं तर उलटच झालं होतं. रात्री दिवा मालवण्याआधी ती एकेका फोटोकडे बघायची, मग आठवणी, मग हिशेब: आता घरी किती वाजले, आजोबांनी गोळी घेतली असेल का. फोटो विचार सुरू करतो. जागेपणी ते चांगलंच आहे, पण पलंगावर नको. मी तिला फोटो दाराजवळच्या भिंतीवर हलवायला सांगितले, जाता-येता दिसतील असे. मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

पंख्याचा आवाज

पहिली गोष्ट तिनेच सांगितली. "आई, इथे इतकं शांत असतं की भीती वाटते. मध्येच हीटर टकटक करतो, लिफ्टचं दार आपटतं, आणि मी दचकते."

आपल्याकडे बहुतेक घरांत वर्षातले आठ-नऊ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो. जन्मल्यापासून त्या घरघरीत झोपलेल्या मुलाला ती ऐकूही येत नाही, पण ती थांबली की जाग येते. रात्री वीज गेल्यावर आपण सगळे उठून बसतो ते केवळ उकाड्याने नव्हे. तिच्या खोलीत छताला पंखा नव्हता, आणि नोव्हेंबरातल्या थंडीत त्याची गरज कुणाला वाटणार?

सलग, एकसुरी आवाजाचं काम सोपं आहे. झोपेतला मेंदू आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती अचानक आला याने जास्त दचकतो. पूर्ण शांततेत लिफ्टच्या दाराचा आवाज उठून दिसतो. मागे हलकी घरघर असेल तर तोच आवाज तिच्यात बुडतो. अशा आवाजाने प्रत्येकाची झोप सुधारते असं मात्र नाही. याबाबतचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काहींना हा आवाजच त्रासदायक होतो. ज्याला आधीपासून सवय आहे त्याने करून बघावं, इतकंच मी म्हणेन.

तिने एक छोटा टेबलफॅन घेतला आणि तोंड भिंतीकडे करून लावला, म्हणजे वारा अंगावर येणार नाही. आवाज इतकाच ठेवायचा की शेजारी बसलेल्या माणसाशी हळू बोललेलंही ऐकू यावं. मोबाइलवरून पंख्याचा आवाज लावण्याचा पर्याय होता, पण मग मोबाइल उशाशी राहतो आणि हात त्याच्याकडे जातोच.

गोधडी

दुसरी गोष्ट गोधडी. आमच्या एका सहकाऱ्यांचा मुलगा डिसेंबरच्या सुरुवातीला तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर ती पाठवली. पाठवताना मनात आलं, स्वच्छ धुऊन द्यावी. मग हात आवरला. दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवली, झटकली आणि तशीच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली. कारण मला तिचा वास पाठवायचा होता.

वासाची वाट इतर संवेदनांपेक्षा वेगळी आहे. दिसलेलं, ऐकलेलं, स्पर्श झालेलं हे आधी मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वास हा थांबा न घेता नाकाच्या मुळाशी असलेल्या गंधकंदातून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी पोहोचतो. म्हणून वास 'कशाचा' हे आठवण्याआधीच बरं किंवा वाईट वाटून जातं. पहाऱ्यावरच्या मेंदूला 'ही जागा ओळखीची आहे' हे सांगायला वास सोयीचा ठरतो, कारण त्याला विचार करावा लागत नाही.

याला थोडा प्रयोगाचा आधारही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मार्लीस होफर आणि फ्रान्सिस चेन यांनी १५५ जणांना काही रात्री जोडीदाराने वापरलेला टी-शर्ट उशीला घालून झोपवलं आणि काही रात्री तसाच दिसणारा, जोडीदाराचा वास नसलेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जोडीदाराच्या वासाच्या रात्री, अंथरुणात घालवलेल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा सरासरी दोन टक्क्यांहून थोडा अधिक होता. हिशेब केला तर रात्री नऊएक मिनिटं. परिणाम लहान आहे, आणि तो जोडीदाराच्या वासाचा आहे, आजीच्या गोधडीचा नाही. पण दिशा कळते.

गोधडीत वासाबरोबर स्पर्शही असतो. चार-पाच थर जुन्या सुती साड्यांचे, वर धावदोऱ्याच्या ओळी. त्या ओळींवरून बोट फिरवत झोपायची लेकीची लहानपणापासूनची सवय. तिकडची पिसांची रजई ऊबदार असते, पण हलकी आणि गुळगुळीत. मी सांगितलं, गोधडी अंगाला लागून आणि रजई तिच्यावर. खोली फार गरम ठेवू नको.

आणि जी सवय मोडायची होती तिच्यासाठी नेहमीचा नियम: गादी फक्त झोपेसाठी. अभ्यास, जेवण, फोन टेबलावर. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं, मंद दिव्यात खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत. घड्याळ बघायचं नाही. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. गोधडी न घेता हा नियम पाळला तरी उपयोग होतो. नियम न पाळता नुसती गोधडी घेतली तर फारसा होईल असं मला वाटत नाही.

सकाळचा चहा

तिसरी गोष्ट झोपेच्या दुसऱ्या टोकाची. श्टुटगार्टला डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. आपल्याकडे तेव्हाही तो अकरा तासांच्या आसपास असतो. शरीराचं घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर लागतं. लेक रात्रभर जागून सकाळी उशिरापर्यंत पडून राहायची आणि संध्याकाळी लख्ख पांढऱ्या दिव्याखाली मध्यरात्रीपर्यंत अभ्यास करायची. रात्रीचा प्रखर उजेड झोपेची वर्दी देणाऱ्या मेलॅटोनिनला मागे ढकलतो. घरची आठवण म्हणून नेलेला तो पांढरा दिवा तिची रात्र लांबवत होता. तो तिने सकाळसाठी ठेवला आणि रात्रीसाठी पिवळा, मंद दिवा घेतला.

सकाळी सात वाजता उठून चहा करायचा, तोही घरच्यासारखा: आलं ठेचून, वेलदोडा घालून, पातेल्यात उकळून. इथे एक अडचण आली. तिने नेलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काचेच्या शेगडीवर चाललं, पण पुढे खोली बदलली आणि इंडक्शन शेगडी असली तर ते गरमच होणार नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, हे इथूनच बघून न्यावं. चहा गाळणं आणि सांडशी मात्र अवश्य न्यावी. तिकडच्या पातेल्यांना दांडे असतात, त्यामुळे सांडशी दुकानात सहजासहजी सापडत नाही.

तो कप घेऊन ती खिडकीशी बसायची, उजाडेपर्यंत पांढऱ्या दिव्याजवळ. उठण्याची वेळ, उजेड आणि ओळखीचा वास रोज एकत्र आले की शरीराला दिवसाची सुरुवात कळायला लागते. दुपारी दोननंतर मात्र चहा बंद, कारण त्यातलं कॅफिन कित्येक तास रक्तात राहतं. फोनची वेळही बदलली. रात्री एकऐवजी तिच्या संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे माझ्या रात्री दहाला, आणि तो टेबलाशी बसून.

डिसेंबर संपेपर्यंत ती सहा-साडेसहा तास झोपू लागली. यातलं किती पंख्याने, किती गोधडीने, किती नियमाने आणि किती नुसत्या दिवसांनी झालं, हे एका मुलीवरून सांगता येणार नाही.

गोधडीला बुरशी

फेब्रुवारीत रजा काढून मी तिच्याकडे गेले. दारातच फोडणीचा वास आला आणि बरं वाटलं. पण रात्री ती खोकत होती. कोरडा खोकला, पहाटे वाढणारा. "तीन आठवडे आहे, सर्दीचा असेल," ती म्हणाली. लहानपणी तिला दम्याचा हलका त्रास होता, म्हणून मी खोदून विचारलं. ग्रंथालयात दिवसभर बसते तेव्हा खोकला येत नाही. मैत्रिणीकडे दोन रात्री राहिली तेव्हाही आला नाही. खोलीत आली, पलंगावर पडली की सुरू. बाहेर गेल्यावर कमी आणि घरात आल्यावर जास्त होणारा खोकला दिसला की कारण घरात शोधावं.

पलंग बाहेरच्या भिंतीला टेकून होता. तो ओढला तर मागे भिंतीवर काळे ठिपके, आणि भिंतीकडून लोंबणाऱ्या गोधडीच्या कोपऱ्यावरही तेच. मी कोपरा नाकाशी धरला. घरचा वास गेला होता. ओल्या, बंद फडताळाचा वास येत होता.

कारण साधं आहे. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसं थंड भिंतीला खोलीतल्या बाफेने पाणी सुटतं. कुकर, चहा, खोलीतच वाळत घातलेले कपडे आणि आपला श्वास, सगळ्यांची बाफ बंद खिडक्यांत अडकते. पलंग भिंतीला चिकटलेला असला की मागे हवा खेळत नाही आणि सुती कापड ओल शोषून घेतं. आपल्याकडे गोधडी अधूनमधून उन्हात पडते. तिकडच्या हिवाळ्यात ते ऊनच नसतं. बुरशीबरोबर धुळीतले सूक्ष्म कीटकही अशा दमट अंथरुणात वाढतात आणि दम्याच्या माणसाला दोन्ही बाधतात.

जर्मन लोकांकडे यावर जुना उपाय आहे, आणि तो तिच्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितला होता: दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, हीटर बंद करून. फटीएवढी खिडकी दिवसभर उघडी ठेवली तर भिंती गार पडतात आणि ओल वाढते. थंडीच्या भीतीने लेकीने सताड उघडणं सोडून दिलं होतं. आम्ही पलंग भिंतीपासून वीतभर दूर केला, आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणलं आणि ती साठ टक्क्यांखाली राहील असं बघितलं. स्वयंपाकानंतर आणि आंघोळीनंतर खिडकी उघडायचीच.

तिच्या पहिल्या आठवड्यातल्या उदबत्तीची गोष्टही तेव्हाच कळली. बंद खोलीत लावली तर छताचा धूर-इशारा देणारा भोंगा वाजला आणि शेजारी दारात जमा झाले. तिकडे झोपायच्या खोलीत असा भोंगा लावणं बंधनकारक आहे. दम्याच्या माणसाने बंद खोलीत उदबत्ती टाळलेलीच बरी. गणपतीपुढे आता फूल असतं.

राहिली गोधडी. अंथरुणातले कीटक मारायला कपडे साठ अंशांच्या पाण्यात धुवावेत असा सल्ला असतो. चाळीस वर्षांच्या साड्या त्या पाण्यात टिकल्या नसत्या. एकाच कोपऱ्यात बुरशी होती, आतले बाकीचे थर कोरडे होते. मी कात्री मागितली. सासूबाईंचे टाके उसवून वीतभर कोपरा कापून टाकला. तो भाग उसवताना हात जड झाला, हे लपवत नाही. उरलेली गोधडी कोमट पाण्यात धुतली, तळघरातल्या यंत्रात पूर्ण कोरडी केली आणि कडेला माझ्या जुन्या सुती साडीची पट्टी लावून शिवली. वर घातलेली खोळ मात्र दर आठवड्याला साठ अंशांवर धुवायची. बुरशी आतल्या थरांत शिरली असती, तर गोधडी टाकून द्यावी लागली असती. आठवण म्हणून ठेवायचीच झाली असती, तर तिच्या खोलीत नक्कीच नाही.

दोन आठवड्यांत खोकला थांबला. थांबला नसता तर तिथल्या डॉक्टरांकडे श्वासाची तपासणी करायचं ठरलं होतं.

बॅग भरताना

ओपीडीत आता मुलं परदेशी जाणारे आईवडील विचारतात, काय द्यावं? मी म्हणते, रोज हाताळलं जाईल तेच. एक पांघरूण, रोजच्या वापरातली दोन भांडी, मिसळणाचा डबा. डबा घट्ट झाकणाचा हवा. सतत नाकाशी असलेला वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. वापरताना उघडला तरच तो भेटतो.

काय देऊ नये, तेही बघावं. युरोपीय संघात प्रवाशांना भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात साजूक तूप आणि पेढेही आले. तुळशीचं रोप किंवा बी न्यायचं तर वनस्पतींच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. आखाती देशांत, विशेषतः संयुक्त अरब अमिरातीत, खसखस बंदी घातलेल्या अमली पदार्थांत मोडते. घरच्या मसाल्यात ती असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आणि एक गोष्ट बॅगेत बसत नाही. १६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात, घरापासून दूर झुरणाऱ्या माणसांच्या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. ग्रीक शब्दांतून बनवलेलं, परतीची वेदना अशा अर्थाचं. तेव्हा तो रोग मानला गेला. आज आपण घरच्या ओढीला रोग म्हणत नाही, पण तिच्या आडून खरा आजार येऊ शकतो. ओढ लाटेसारखी येते आणि जाते. मध्ये मूल हसतं, जेवतं, नव्या ओळखी करतं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, जेवण तुटलं असेल, वजन उतरत असेल, वर्गात किंवा कामावर जाणं थांबलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी. जर्मनीत तातडीसाठी ११२ आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. मूल ज्या देशात आहे तिथले असे दोन क्रमांक आईवडिलांनीही लिहून ठेवावेत. आणि थेट विचारावं, "जीव नकोसा होतो का?" विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही. बोलायला वाट मिळते.

नोव्हेंबरातल्या त्या पहाटे मीही हे विचारलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तसं नाही गं. फक्त झोप हवीय." ते ऐकल्यावरच मी गोधडीचा विचार करायला मोकळी झाले.

परवा तिने खोली बदलली. नव्या घरातली पहिली रात्र कशी गेली, विचारलं. म्हणाली, "नाही लागली नीट. पण पंखा लावलाय, गोधडी खिडकीत टाकलीय. बघू दोन-चार दिवस." पलंग भिंतीपासून किती दूर आहे, हे मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं.